पाऱ्याच्या दोन पिवळ्या रेघा आणि प्रिझमचा पाया: विभेदनक्षमता स्वतः मोजण्याची पद्धत

मी फोंड्याला राहतो आणि बरीच वर्षे बीएस्सीच्या मुलांचे प्रकाशाचे प्रॅक्टिकल घेत आलो आहे. चतुर्थीची सुट्टी संपली की स्पेक्ट्रोमीटर पेट्यांतून बाहेर निघतात, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतेच, "सर, मोठा प्रिझम घेतला की रेघा जास्त सुट्या दिसणार ना?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर अर्धे हो, अर्धे नाही असे आहे. मोठा प्रिझम टेबलावर ठेवला, पण त्याच्या चिंचोळ्या पट्टीतूनच प्रकाश गेला, तर उरलेली काच तिथे असून नसल्यासारखी. आणि लहानसा प्रिझम जड फ्लिंट काचेचा असेल, तर तो साध्या क्राउन काचेच्या दुप्पट मोठ्या प्रिझमलाही मागे टाकतो.

हे हाताने करून बघण्याचा एक प्रयोग आहे. पाऱ्याच्या दिव्यात दोन पिवळ्या रेघा जवळजवळ असतात. प्रिझममधून जाणारी प्रकाशाची शलाका आपण दोन्ही बाजूंनी हळूहळू अरुंद करत जायची आणि त्या दोन रेघा नेमक्या कधी एकजीव होतात ते पाहायचे. त्या क्षणी शलाका किती मिलिमीटर रुंद होती, या एका मापातून सगळे कळते. सोडियमच्या जोडीपासून सुरुवात करू नका. ती नवख्याला दगा देते, आणि त्याचे कारण प्रिझममध्ये नसून दुसरीकडेच आहे. ते शेवटी सांगतो.

पाया म्हणजे कोणता पाया

विभेदनक्षमता, म्हणजे मुले जिला रिझॉल्व्हिंग पॉवर म्हणतात ती, हा एक साधा भागाकार आहे. रेघेच्या तरंगलांबीला जेमतेम सुट्या दिसणाऱ्या दोन रेघांमधल्या फरकाने भागायचे. पाऱ्याच्या पिवळ्या रेघा ५७६.९६ आणि ५७९.०७ नॅनोमीटरवर आहेत. सरासरी ५७८ आणि फरक २.११, म्हणून त्या सुट्या दाखवायला सुमारे २७४ इतकी विभेदनक्षमता लागते. हा आकडा रेघांचा आहे, प्रिझमचा नाही. प्रिझमने तेवढी पुरवली की जोडी सुटते.

प्रिझम ती कुठून पुरवतो? शलाकेची दोन टोके डोळ्यांसमोर आणा. एक टोक प्रिझमच्या शिखराला घासून जाते, त्याच्या वाट्याला काच जवळजवळ येत नाही. दुसरे टोक पायाजवळून जाते, त्याला काचेतून लांबची वाट चालावी लागते. आता तरंगलांबी किंचित बदलली की काचेचा अपवर्तनांकही किंचित बदलतो. शिखराकडच्या टोकाला त्याने काही फरक पडत नाही. पायाकडच्या टोकाचा प्रकाशीय मार्ग मात्र काचेची लांबी गुणिले अपवर्तनांकातला फरक इतका बदलतो. दोन टोकांमध्ये असा बदल पूर्ण एका तरंगलांबीचा झाला, की दुसऱ्या रेघेचा सर्वांत उजळ भाग पहिल्या रेघेच्या विवर्तनातल्या पहिल्या काळ्या जागेवर येऊन बसतो. लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये हीच कसोटी ठरवली आणि प्रिझमला लावून दाखवली. तिच्यातून निघते ते सूत्र एवढेच:

```
λ/Δλ = t · |dμ/dλ|
```

इथे `t` म्हणजे शलाकेच्या दोन टोकांनी काचेतून कापलेल्या अंतरांतला फरक, आणि `dμ/dλ` म्हणजे तरंगलांबीबरोबर अपवर्तनांक किती झपाट्याने बदलतो ते, म्हणजेच काचेचे अपस्करण. सूत्रात काय नाही, तेही पाहा. प्रिझमचा कोन नाही. अपवर्तनांक स्वतः नाही, फक्त त्याचा बदल आहे. प्रिझमची उंची नाही. आणि शलाका शिखराजवळून नेली की पायाजवळून, यालाही महत्त्व नाही. पायाजवळून नेली तर दोन्ही टोकांना जास्त काच लागते, पण दोहोंतला फरक तेवढाच राहतो. शलाकेची रुंदी कायम ठेवून प्रिझम टेबलावर थोडा पुढे-मागे सरकवला तरी उत्तर बदलत नाही, हे मुलांना पटवायला मला दर वर्षी वेळ लागतो. म्हणून प्रयोग चालू असताना प्रिझम मुद्दाम सरकवून बघा, अशी माझी विनंती असते.

संपूर्ण प्रिझम प्रकाशाने भरला असेल तेव्हाच `t` म्हणजे प्रिझमचा खरा पाया. एरवी तो 'वापरलेला पाया' असतो आणि तो आपल्याला शलाकेच्या रुंदीवरून काढावा लागतो. किमान विचलनाच्या स्थितीत हे भूमितीने सरळ निघते:

```
t = 2a · sin(A/2) / cos i,     i = (A + D)/2
```

`a` ही शलाकेची रुंदी, `A` प्रिझमचा कोन, `D` किमान विचलन. प्रिझम ६० अंशांचा असेल तर वरचा भाग नुसता `a` उरतो आणि सूत्र `t = a / cos i` इतके सोपे होते.

तयारी

स्पेक्ट्रोमीटरची नेहमीची जुळणी तुम्हाला येते असे धरतो: दुर्बीण दूरच्या वस्तूवर जुळवणे, कोलिमेटरमधून समांतर शलाका आणणे, टेबल समतल करणे. खोलीतून दूरचे काही दिसत नसेल तर शुस्टरची पद्धत वापरा. या प्रयोगात फोकसची चूक थेट उत्तरात उतरते, कारण धूसर रेघा वेळेआधीच एकत्र होतात.

प्रिझम हातात घेतला की आधी तो उजेडाकडे धरून तिरक्या नजरेने बघा. आपल्याकडे जूनपासून हवेत जी ओल असते, तिने काचेच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. चार महिने बंद पेटीत राहिलेल्या प्रिझमवर आणि दुर्बिणीच्या भिंगावर ती हमखास सापडते. हलकी असेल तर लेन्सच्या कागदाने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते. जुनी असेल तर काचेवर कायमचे कोरल्यासारखे डाग राहतात. जड फ्लिंट काच मऊ असते, ती रुमालाने घासू नका. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि तिचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवा.

पाऱ्याचा दिवा लावल्यावर निदान दहा मिनिटे थांबा. सुरुवातीला रेघा मंद असतात आणि डोळ्यांना त्रास होतो. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी थेट बघू नका, झिरीपुरते भोक असलेले आवरण त्याला असलेच पाहिजे. आणखी एक इथला अनुभव: मध्येच वीज गेली तर हा दिवा लगेच पुन्हा पेटत नाही. तापलेल्या नळीतला पाऱ्याचा दाब उतरेपर्यंत तो रुसून बसतो. बटण पुन्हापुन्हा दाबण्यात अर्थ नाही. त्या वेळात आकडेमोड करा.

आता किमान विचलन. दुर्बिणीतून पिवळ्या जोडीवर नजर ठेवून टेबल हळू फिरवा. रेघा एका बाजूला सरकत जातात, थबकतात आणि उलट्या फिरतात. त्या थबकण्याच्या जागी टेबल घट्ट करा. हे पिवळ्या रेघांसाठीच करा, हिरव्यासाठी नव्हे, कारण वरचे `t` चे सूत्र त्याच स्थितीला लागू आहे. शिवाय किमान विचलनात आत जाणारी आणि बाहेर येणारी शलाका सारख्याच रुंदीची असते, म्हणून शलाका अरुंद करणारी फट, म्हणजे अ‍ॅपर्चर, प्रिझमच्या अलीकडे लावले की पलीकडे, याची चिंता उरत नाही.

झिरी: इथे घाई केली की सगळे वाया

कोलिमेटरची झिरी किती बारीक हवी, याला मी प्रयोगातला सर्वांत मोठा वेळ देतो. कारण रेघा दोन कारणांनी एकत्र होऊ शकतात. एक म्हणजे अरुंद शलाकेमुळे होणारे विवर्तन, जे आपल्याला मोजायचे आहे. दुसरे म्हणजे झिरीचीच रुंद प्रतिमा, जी आपल्याला नको आहे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसते.

आकड्यांत सांगतो. आपल्या प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरच्या कोलिमेटरची नाभीय लांबी साधारण १८ सेंटीमीटर असते. फ्लिंट प्रिझमने पाऱ्याच्या दोन पिवळ्या रेघांमध्ये सुमारे ७० विकलांचा कोन पडतो. १८ सेंटीमीटरवर तो कोन म्हणजे जेमतेम ६० मायक्रॉन. झिरी ६० मायक्रॉन उघडी असेल तर एका रेघेची कड दुसरीला चिकटली. मग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असले तरी पिवळी पट्टी एकच.

एवढ्या बारीक रुंदीचे माप घेण्याची सोय सहसा नसते, पण कसोटी सोपी आहे. अ‍ॅपर्चर अजून लावू नका. पूर्ण शलाकेने पिवळी जोडी बघा आणि झिरी हळूहळू बंद करा. प्रत्येक रेघेची जाडी, दोन रेघांमधल्या अंतराच्या चौथ्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी झाली पाहिजे. म्हणजे झिरी पंधरा मायक्रॉनच्या आसपास आली. यापुढे झिरी आवळूनही रेघ बारीक न होता नुसती मंद होऊ लागली, तर थोडी परत उघडा. वर्णपटात डावीकडून उजवीकडे काळे आडवे पट्टे दिसले तर झिरीच्या पात्यांवर धूळ आहे. माचिसच्या काडीचे टोक सपाट तासून ते पात्यांवरून अलगद फिरवले की ती जाते.

झिरी प्रिझमच्या कडेला समांतर आहे ना, हेही आताच बघा. तिरकी असेल तर रेघांच्या कडा मऊ दिसतात. झिरी किंचित गोल फिरवून जोडी सर्वांत धारदार दिसेल तिथे थांबवा.

प्रकाश खरोखर कुठे पडतो आहे

अ‍ॅपर्चर लावण्याआधी नेत्रिका काढून दुर्बिणीच्या नळीतून सरळ आत बघा. समोरचे भिंग पूर्ण उजळलेले दिसायला हवे. दिवा जरा बाजूला असेल तर भिंगाचा फक्त एक काप उजळतो, मग तुम्ही अ‍ॅपर्चर कितीही उघडा, शलाका त्या कापाएवढीच. एका वर्षी एका बॅचला सलग दोन दिवस अपेक्षेच्या दुप्पट माप मिळत होते. प्रिझमची काच बदलली असावी असे त्यांनी ठरवून टाकले होते. शेवटी नळीत डोकावल्यावर दिसले, की अ‍ॅपर्चरचा निम्मा भाग अंधारातच उघडत होता. पात्यांमधली फट चार मिलिमीटर, पण प्रकाश त्यातल्या दोन मिलिमीटरमधूनच येत होता. दिवा बोटभर सरकवला आणि आकडा जागेवर आला.

आता मोजणी

अ‍ॅपर्चर म्हणजे दोन उभ्या पात्यांची फट, जिची रुंदी स्क्रूने कमीजास्त होते. ते दुर्बिणीच्या भिंगासमोर लावा, पाती प्रिझमच्या कडेला समांतर ठेवा आणि फट उजळलेल्या भागाच्या मध्यावर आणा. सुरुवातीला ते पूर्ण उघडे असू द्या.

मग स्क्रू फिरवत फट हळूहळू बंद करा. आधी रेघा फक्त मंद होतात. नंतर त्या जाड होऊ लागतात. झिरीला तुम्ही हातही लावलेला नाही, तरी जाड होतात. विवर्तन समोर दिसते ते याच क्षणी. मधली काळी जागा भुरकट होत जाते आणि एका क्षणी दोन रेघांची एकच पट्टी होते. तिथे थांबा. फटीची रुंदी चलत सूक्ष्मदर्शकाने मोजा. अ‍ॅपर्चरलाच मापाचा स्क्रू असेल तर त्याचे शून्य आधी तपासा, कारण पाती टेकली तरी तो शून्य दाखवेलच असे नाही.

आता उलट करा. फट पूर्ण बंद करून उघडत जा आणि रेघा पहिल्यांदा दोन वाटतील तिथे थांबा. हे माप पहिल्यापेक्षा थोडे मोठे येते, कारण डोळा आधी पाहिलेले धरून ठेवतो. बंद करताना त्याला दोन रेघा जास्त वेळ दिसत राहतात, उघडताना एकच जास्त वेळ दिसते. दोन्ही प्रकारे पाच-पाच मापे घेऊन सरासरी काढा. जोडीदाराकडूनही मापे घ्या, पण एकमेकांचे आकडे आधी बघू नका.

रॅलेच्या कसोटीवर दोन रेघांच्या मधोमध उजेड पूर्ण जात नाही. दोन्ही रेघा सारख्या उजळ असतील तर मधली जागा शिखराच्या सुमारे ८१ टक्के उजळ असते. सराव झालेल्या डोळ्याला त्याहून उथळ खळगाही जाणवतो, म्हणून तुमचे माप सूत्राच्या आकड्यापेक्षा किंचित लहान आले तर घाबरू नका. ते मोठे आले तर मात्र झिरी रुंद आहे, फोकस ढळला आहे, नाहीतर प्रकाश पूर्ण पडत नाही. या तिन्हींचा शोध याच क्रमाने घ्या.

काचेचे अपस्करण काढणे

सूत्रातला दुसरा भाग आता हवा. त्यासाठी वेगवेगळ्या रेघांचे किमान विचलन मोजून अपवर्तनांक काढायचे. प्रत्येक रेघेसाठी किमान विचलन नव्याने शोधायचे, पिवळ्यावर टेबल घट्ट केले आहे तिथूनच सगळ्या रेघा वाचायच्या नाहीत. म्हणून हे काम अ‍ॅपर्चरची मापे झाल्यावर करणे सोयीचे.

माझ्या वहीत ६० अंशांच्या एका फ्लिंट प्रिझमची अशी मापे आहेत. सोडियमच्या पिवळ्यासाठी, म्हणजे ५८९.३ नॅनोमीटरला, ४८ अंश ११ कला. पाऱ्याच्या ५४६.१ च्या हिरव्यासाठी ४८ अंश ३६ कला. ४३५.८ च्या निळ्या रेघेसाठी ५० अंश २२ कला. त्यांवरून अपवर्तनांक अनुक्रमे १.६१९९१, १.६२४१७ आणि १.६४१९७ येतात.

कोशीचे समीकरण सांगते की अपवर्तनांक साधारण असा बदलतो:

```
μ = A' + B/λ²
|dμ/dλ| = 2B/λ³
```

म्हणून `1/λ²` आणि `μ` यांचा आलेख काढून त्याचा चढ घ्यायचा, तोच `B`. तरंगलांबी मायक्रॉनमध्ये घेतली की आकडे सुटसुटीत राहतात. पिवळा ते हिरवा एवढ्याच भागाचा चढ घेतला तर `B` ०.००९० येतो. हिरवा ते निळा घेतला तर ०.००९३. दोन्ही मापे चांगली घेतली होती, मग फरक का? कारण कोशीचे दोन पदांचे समीकरण अपुरे आहे. जांभळ्याकडे जाताना आलेख किंचित वर वळतो. आपल्याला चढ हवा आहे तो पिवळ्यापाशी, म्हणून पिवळ्या टोकाचा घ्यायचा. पण तिथेही अडचण आहे. पिवळा आणि हिरवा जवळ असल्याने कोन वाचण्यात दोन्हीकडे एक-एक कलेची चूक झाली, तर चढ सहा टक्क्यांनी तरी बिघडू शकतो. म्हणून सगळे बिंदू घेऊन हाताने सलग वक्र काढावा आणि पिवळ्यापाशी स्पर्शिका घ्यावी, हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते. संगणकाने सगळ्या बिंदूंतून सरळ रेषा बसवली की ती जांभळ्याच्या ओढीने जास्त चढाची येते, आणि छापील आकडा पाहून मुले निश्चिंत होतात.

`B` ०.००९० धरू. ५७८ नॅनोमीटर म्हणजे ०.५७८ मायक्रॉन. त्याचा घन ०.१९३१. ०.०१८ ला त्याने भागले की अपस्करण मायक्रॉनमागे ०.०९३२ येते, म्हणजेच सेंटीमीटरमागे ९३२. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या काचेचा प्रत्येक वापरलेला सेंटीमीटर पिवळ्या रंगात ९३२ इतकी विभेदनक्षमता देतो.

आपल्याला २७४ हवी होती. २७४ भागिले ९३२, म्हणजे ०.२९ सेंटीमीटर. पाऱ्याची पिवळी जोडी सुटायला तीन मिलिमीटरही पाया लागत नाही. पिवळ्यासाठी `i` ५४ अंशांहून थोडा जास्त आहे आणि त्याचा कोसाइन ०.५८६, म्हणून शलाकेची रुंदी २.९४ गुणिले ०.५८६, म्हणजे १.७ मिलिमीटर. फट एवढी उरली की रेघा मिटायला हव्यात. तुमची सरासरी दीड आणि दोन मिलिमीटरच्या मध्ये आली असेल, तर काम चोख झाले.

क्राउन काचेचा प्रिझम ठेवून बघा

इथे प्रयोग थांबवू नका. कपाटातून साध्या क्राउन काचेचा, ६० अंशांचाच प्रिझम काढा. ओळखायचा कसा? सारख्या आकाराचे दोन प्रिझम तळहातांवर घेतले की फ्लिंटचा जड लागतो, आणि जड फ्लिंट पांढऱ्या कागदावर धरला तर किंचित पिवळसर दिसतो.

क्राउन काचेसाठी `B` साधारण ०.००४२ असतो, म्हणजे ५७८ नॅनोमीटरला अपस्करण सेंटीमीटरमागे ४३५. निम्म्याहूनही कमी. तीच २७४ मिळवायला आता ६.३ मिलिमीटर पाया लागतो. या काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, `i` ४९ अंशांच्या वर, कोसाइन ०.६५. म्हणून फट ४.१ मिलिमीटर असतानाच रेघा मिटतात. दुर्बिणीची जागा आणि किमान विचलन नव्याने शोधायला विसरू नका, क्राउनमध्ये प्रकाश बराच कमी वळतो. रेघाही एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून झिरी आणखी आवळावी लागते. फ्लिंटसाठी पुरेशी बारीक असलेली झिरी इथे रुंद ठरते, आणि चौथ्या हिश्श्याची कसोटी पुन्हा लावल्याशिवाय ते कळत नाही.

१.७ आणि ४.१ मिलिमीटर. दिवा तोच, रेघा त्याच, कोन तोच. बदलली ती फक्त काच. 'मोठा प्रिझम' म्हणून विचारणाऱ्या मुलाला मी हे दोन आकडे स्वतःच्या हाताने काढायला लावतो.

यातूनच कोणता प्रिझम कशासाठी घ्यावा तेही ठरते. साडेतीन सेंटीमीटर पायाचा हा फ्लिंट प्रिझम पूर्ण भरला तर पिवळ्या रंगात त्याची क्षमता ३,२०० च्या वर जाते. तेवढीच क्राउनकडून हवी असेल तर पाया साडेसात सेंटीमीटरचा लागेल, आणि तेवढी रुंद शलाका घेणारे भिंगही लागेल. आपल्या स्पेक्ट्रोमीटरची भिंगे त्याच्या जवळपासही जात नाहीत, म्हणजे ते पायाचे उरलेले सेंटीमीटर कधी उजळणारच नाहीत. त्यामुळे पाया वाढवण्याआधी काच बदला, असे मी सांगेन. जांभळ्या टोकाच्या रेघा बघायच्या असतील तेव्हा मात्र सावध राहा. तिथे अपस्करण तरंगलांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढत असल्याने क्षमता झपाट्याने वाढते खरी, पण खूप जड फ्लिंट त्या बाजूचा प्रकाश काही प्रमाणात शोषून घेते, आणि ४०४.७ ची रेघ मंद दिसते.

सोडियमची जोडी का चकवते

सोडियमच्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, आणि त्यांना हजाराच्या जरा आत विभेदनक्षमता लागते. आपल्या फ्लिंटचे अपस्करण तिथे सेंटीमीटरमागे ८८०. म्हणजे पाया सव्वा सेंटीमीटरच्या आत पुरतो आणि शलाका ६.६ मिलिमीटर. प्रिझमजवळ याच्या तिप्पट क्षमता शिल्लक आहे. तरीही पहिल्यांदा बघणाऱ्याला बहुतेक वेळा एकच रेघ दिसते आणि तो प्रिझमला दोष देतो.

अडते ते झिरीपाशी. या जोडीतला कोन फक्त साडेअठरा विकला. १८ सेंटीमीटरवर तो १६ मायक्रॉन होतो. चौथ्या हिश्श्याची कसोटी लावली तर झिरी चार मायक्रॉनची हवी, आणि कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरच्या झिरीची पाती एवढी सरळ क्वचितच असतात. व्हर्निअरचाही उपयोग नाही. त्याचे लघुतम माप ३० विकला किंवा एक कला, म्हणजे दोन रेघांमधले सगळे अंतर त्याच्या एका घरात मावून जाते. नुसत्या डोळ्याला सुमारे एका कलेचा कोन वेगळा कळतो, त्यामुळे दुर्बिणीचे वर्धन निदान तीन-चार पट असायला हवे. दहा पट असले तर आराम.

जोडी एकदा तरी बघायचीच असेल तर अ‍ॅपर्चर काढून टाका. कमी दाबाचा प्रयोगशाळेचा सोडियम दिवा चांगला तापू द्या. रस्त्यावरच्या जुन्या पिवळसर सोडियम दिव्यांवर हे करू नका. ते उच्च दाबाचे असतात, त्यांच्या रेघा फुगून एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मध्ये शोषणाची काळी पट्टी पडते. तिलाच दोन रेघांमधली जागा समजून फसलेले मी पाहिले आहेत. खोली पूर्ण काळोखी करा, दहा मिनिटे डोळे सरावू द्या, झिरी जवळजवळ बंद करा आणि नेत्रिकेचा फोकस केसाएवढा पुढे-मागे करत राहा. रेघ अगदी मंद झाली की तिच्या मधोमध एक सुई ओढल्यासारखी काळी ओळ उमटते.

ती दिसली की झिरीला हात न लावता अ‍ॅपर्चर पुन्हा लावा आणि बंद करत या. ती काळी ओळ ६.६ मिलिमीटरच्या बरीच आधी, नऊ-दहा मिलिमीटरलाच पुसली गेली, तर वहीत तोच आकडा लिहा. शेजारी `t` काढून त्याचीही नोंद करा आणि पुढे लिहा, 'झिरीमुळे'.